जुळ्या बहिणींचा हिशेब: विशिष्ट सापेक्षतेत घड्याळांची तुलना कशी करावी

विशिष्ट सापेक्षता नव्याने शिकणारा बहुतेक प्रत्येक जण एका प्रश्नापाशी अडतो. दोन जुळ्या बहिणींपैकी एक वेगवान यानातून दूरच्या ताऱ्यापर्यंत जाऊन परत येते आणि घरी राहिलेल्या बहिणीपेक्षा वयाने लहान निघते, असे पुस्तक सांगते. पण वेग हा सापेक्ष असतो, असेही तेच पुस्तक सांगते. मग यानातल्या बहिणीने स्वतःला स्थिर मानून पृथ्वीच दूर गेली आणि परत आली असे म्हटले, तर घरची बहीण लहान निघायला नको का? दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, कारण शेवटी दोघी शेजारी उभ्या राहून आपापली घड्याळे समोर ठेवणार आहेत. या लेखात एकच उदाहरण घेऊन तो हिशेब पायरीपायरीने पूर्ण केला आहे. त्यासाठी शालेय भूमितीतील पायथागोरसचे प्रमेय आणि साधा गुणाकार-भागाकार पुरतो.

पहिली पायरी: आधी घटना लिहून काढा

मीरा पृथ्वीवर राहते. गार्गी पृथ्वीपासून ६ प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याकडे प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने जाते, तिथे पोहोचताच वळते आणि त्याच वेगाने परत येते. तारा आणि पृथ्वी एकमेकांच्या सापेक्ष स्थिर आहेत असे मानू, तसेच वळण्यास लागणारा वेळ सध्या नगण्य धरू.

कोणतेही सूत्र वापरण्यापूर्वी कागदावर घटना मांडाव्यात. घटना म्हणजे एका जागी, एका क्षणी घडलेली गोष्ट. इथे घटना तीन आहेत: पृथ्वीवरून निघणे, ताऱ्यापाशी वळणे आणि पृथ्वीवर परतणे. त्यानंतर प्रत्येक घटनेपाशी कोणते घड्याळ प्रत्यक्ष हजर होते, हे लिहावे. गार्गीचे घड्याळ तिन्ही घटनांपाशी होते. मीराचे घड्याळ पहिल्या आणि तिसऱ्या घटनेपाशी होते, वळण्याच्या घटनेपाशी नव्हते. ही नोंद क्षुल्लक वाटते, पण माझ्या अनुभवात या विषयातल्या निम्म्याहून अधिक चुका ती न केल्यामुळे होतात. दोन घटनांपाशी प्रत्यक्ष हजर असलेल्या घड्याळाने त्या दोन घटनांमध्ये मोजलेल्या काळाला त्या घड्याळाचा स्वकाल म्हणतात. हा आकडा प्रत्येक निरीक्षकाला मान्य करावाच लागतो, कारण घड्याळाच्या तबकडीवर जे दिसले ते दिसले.

मीराच्या दृष्टीने ६ प्रकाशवर्षे अंतर ०.६ वेगाने कापायला १० वर्षे लागतात, म्हणून जाऊन-येऊन २० वर्षे होतात. इथपर्यंत सापेक्षतेचा संबंधच नाही.

दुसरी पायरी: गार्गीचे घड्याळ किती चालले?

गार्गीच्या यानात एक खास घड्याळ आहे अशी कल्पना करा. दोन आरसे एकमेकांसमोर ठेवले आहेत, त्यांच्यामधील रेषा प्रवासाच्या दिशेला काटकोनात आहे आणि प्रकाशाचा एक ठिपका त्यांच्यामध्ये ये-जा करतो. ठिपका एका आरशावरून दुसऱ्यावर पोहोचला की घड्याळाचा एक ठोका पडला असे समजायचे. गार्गीच्या दृष्टीने प्रकाश सरळ आडवा जातो. मीराच्या दृष्टीने मात्र तेवढ्या वेळात आरसे पुढे सरकतात, त्यामुळे प्रकाशाची वाट तिरकी होते.

यानाचा वेग प्रकाशाच्या ०.६ पट असल्यामुळे, मीराच्या मोजणीत प्रकाश ५ एकक चालतो तेव्हा यान ३ एकक पुढे जाते. तिरकी बाजू ५ आणि एक बाजू ३ असलेल्या काटकोन त्रिकोणाची तिसरी बाजू ४ असते. म्हणजे आरशांमधील अंतर ४ एकक आहे आणि गार्गीच्या दृष्टीने प्रकाशाने ते ४ एककच कापले. प्रकाशाचा वेग दोघींसाठी सारखाच असल्यामुळे मीराच्या ५ वर्षांत गार्गीच्या घड्याळावर ४ वर्षे होतात. गतीला काटकोनात असलेले अंतर दोघींना सारखेच दिसते, हे इथे गृहीत धरले आहे. त्याचे कारण असे की, तसे नसते तर समान आकाराची दोन कडी समोरासमोर येताना प्रत्येक कडे दुसऱ्याच्या आतून निघून जाते असा उघड विरोध उत्पन्न झाला असता.

यानाचा वेग v आणि प्रकाशाचा वेग c धरला, तर सर्वसाधारण वेगासाठी हाच त्रिकोण पुढील गुणक देतो:

γ = 1 / √(1 − v²/c²)

आपल्या उदाहरणात γ चे मूल्य १.२५ आहे. मीराच्या २० वर्षांना १.२५ ने भागले की गार्गीची १६ वर्षे मिळतात. परतीच्या दिवशी गार्गी मीराहून ४ वर्षांनी लहान असेल.

या सूत्राच्या वापराची अट मात्र काटेकोरपणे पाळली पाहिजे. भागून मिळालेला लहान काळ हा दोन्ही घटनांपाशी हजर असलेल्या एका घड्याळाचा असतो, तर मोठा काळ हा एकाच जडत्वीय संदर्भ चौकटीत, म्हणजे वेग किंवा दिशा न बदलणाऱ्या चौकटीत, जागोजागी ठेवून जुळवलेल्या घड्याळांचा असतो. निघण्यापासून वळण्यापर्यंतची १० वर्षे मीराच्या एकट्या घड्याळाने मोजलेली नाहीत. ती पृथ्वीवरच्या आणि ताऱ्यावरच्या, एकमेकांशी जुळवलेल्या दोन घड्याळांच्या वाचनांतील फरक आहे. ही दोन घड्याळे पुढे आपल्याला फार उपयोगी पडतील.

तिसरी पायरी: तेच अंतर गार्गीच्या नजरेतून

जाताना गार्गीच्या घड्याळावर ८ वर्षे झाली. तिच्या दृष्टीने ती स्थिर आहे आणि तारा ०.६ वेगाने तिच्याकडे येत आहे. ०.६ ला ८ ने गुणले की ४.८ प्रकाशवर्षे येतात, ६ नव्हे. पृथ्वी आणि तारा यांच्यामधील अंतर गार्गीच्या चौकटीत १.२५ पटीने आकुंचित झाले आहे. मीरा ज्याला कालविस्तार, म्हणजे हलत्या घड्याळाचे संथ चालणे, म्हणते, त्याच प्रवासाचे स्पष्टीकरण गार्गी लांबीच्या आकुंचनाने देते.

म्हणूनच एक चूक इथे वारंवार घडते. विद्यार्थी आधी अंतर ४.८ करतो, वेगाने भागून ८ वर्षे मिळवतो आणि मग गार्गीचे घड्याळ संथ चालते म्हणून त्या ८ ला पुन्हा १.२५ ने भागून ६.४ लिहितो. एकाच परिणामाची दोनदा वजाबाकी झाली. गार्गीच्या स्वतःच्या चौकटीत तिचे घड्याळ संथ नसते. ६.४ हा आकडा या कथेत खरोखर येतो, पण तो दुसऱ्याच घड्याळाचा आहे.

चौथी पायरी: तिढा नेमका कुठे आहे?

गार्गीच्या दृष्टीने पृथ्वी आणि तारा हलत आहेत, म्हणून तिथली घड्याळे संथ आहेत. तिच्या ८ वर्षांत ती फक्त ६.४ वर्षे पुढे जातात. हे अगदी बरोबर आहे आणि ते नाकारून तिढा सुटत नाही. परतीच्या ८ वर्षांतही पृथ्वीवरचे घड्याळ ६.४ वर्षेच पुढे जाते. बेरीज १२.८ होते. पण मीराचे घड्याळ तर २० दाखवणार आहे. ७.२ वर्षे कुठे गेली?

ती शोधण्यासाठी आधी एक छोटा प्रश्न सोडवू. गार्गी ताऱ्यापाशी पोहोचते तेव्हा ताऱ्यावरचे घड्याळ १० वर्षे दाखवते आणि ते ती खिडकीतून प्रत्यक्ष पाहते. गार्गीच्या हिशेबाने ते घड्याळ फक्त ६.४ वर्षे चालले आहे. मग ते १० कसे दाखवते? याचे एकच उत्तर संभवते: तिच्या चौकटीत, ती निघाली त्याच क्षणी ताऱ्यावरचे घड्याळ शून्यावर नव्हते, ३.६ वर आधीच होते.

हे उत्तर ओढूनताणून आणलेले नाही, ते स्वतंत्रपणे तपासता येते. मीरा तिची दोन घड्याळे कशी जुळवते? पृथ्वी आणि तारा यांच्या बरोबर मध्यातून दोन्हीकडे प्रकाशाची चमक सोडते. चमक पोहोचेल तेव्हा दोन्ही घड्याळे एकच आकडा दाखवतील अशी तिची व्यवस्था आहे. गार्गीच्या चौकटीत मात्र ही सगळी रांग हलते आहे. तारा चमकेच्या दिशेने धावत येतो आणि पृथ्वी चमकेपासून दूर पळते. मध्यापासून दोन्ही टोके २.४ प्रकाशवर्षांवर आहेत. ताऱ्याला चमक २.४ भागिले १.६, म्हणजे १.५ वर्षांनी मिळते. पृथ्वीला ती २.४ भागिले ०.४, म्हणजे ६ वर्षांनी मिळते. दोन्ही घड्याळे तोच आकडा दाखवतात, पण ताऱ्यावरचे घड्याळ तो ४.५ वर्षे आधी गाठते. ही घड्याळे गार्गीच्या दृष्टीने संथ असल्यामुळे ४.५ वर्षांत त्यांवर ३.६ वर्षेच उलटतात. म्हणून गार्गीच्या चौकटीतल्या कोणत्याही एका क्षणी ताऱ्यावरचे घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा ३.६ वर्षांनी पुढे असते.

दूर असलेल्या दोन घटना एकाच क्षणी घडल्या की नाही, याचे उत्तर चौकटीनुसार बदलते, ही समकालिकतेची सापेक्षता. माझ्या मते विशिष्ट सापेक्षतेतली समजायला सर्वांत कठीण गोष्ट हीच आहे, आणि कालविस्तार व आकुंचन यांवर जितका वेळ दिला जातो त्यापेक्षा अधिक वेळ तिला दिला पाहिजे. लक्षात ठेवण्यासाठी नियम असा: आपल्यासमोरून हलणाऱ्या, आपसात जुळवलेल्या घड्याळांच्या रांगेत मागचे घड्याळ पुढचा आकडा दाखवते. फरक किती, तर रांगेचा वेग गुणिले रांगेची स्थिर अवस्थेतील लांबी. वेग प्रकाशाच्या पटीत आणि लांबी प्रकाशवर्षांत घेतली, तर ०.६ गुणिले ६ बरोबर ३.६.

पाचवी पायरी: वळताना काय बदलते

आता हरवलेली वर्षे आपोआप सापडतात. गार्गी ताऱ्यापाशी पोहोचली, पण अजून वळली नाही. तिच्या जाण्याच्या चौकटीत पृथ्वी रांगेत पुढे आणि तारा मागे आहे, म्हणून ताऱ्यावर १० तर पृथ्वीवर १० वजा ३.६, म्हणजे ६.४ वर्षे झालेली आहेत. मग ती वळते. परतीच्या चौकटीत रांग उलट दिशेने हलते. आता तारा पुढे आणि पृथ्वी मागे आहे. ताऱ्यावर अजूनही १० आहे, कारण ते घड्याळ तिच्या डोळ्यांसमोरच आहे. पण पृथ्वीवर "आत्ता" १० अधिक ३.६, म्हणजे १३.६ वर्षे झाली आहेत. परतीच्या प्रवासात पृथ्वीचे घड्याळ आणखी ६.४ वर्षे चालते, आणि १३.६ अधिक ६.४ म्हणजे बरोबर २०.

६.४ आणि १३.६ यांच्यामधील ७.२ वर्षे म्हणजेच हरवलेला भाग. वळण्याच्या क्षणी पृथ्वीवर काहीही विलक्षण घडले नाही. मीराचे घड्याळ उडी मारून पुढे गेले नाही आणि ती एकदम म्हातारी झाली नाही. दूरच्या पृथ्वीवर "आत्ता" कोणता क्षण चालू आहे, याची गार्गीची व्याख्या बदलली, कारण तिची जडत्वीय चौकट बदलली. मीरा संपूर्ण वेळ एकाच चौकटीत राहिली, तर गार्गीने दोन चौकटी वापरल्या. दोन्ही चौकटींतील हिशेब जोडताना मधला सांधा विसरला की १२.८ हे चुकीचे उत्तर मिळते. सुरुवातीच्या प्रश्नातील सममिती इथेच मोडते.

सहावी पायरी: प्रत्यक्ष दिसण्यावरून पडताळा

"दूरचे घड्याळ आत्ता काय दाखवते" हा नेहमी नंतर केलेला हिशेब असतो. डोळ्यांना दिसतो तो उशिरा पोहोचलेला प्रकाश. या दोन गोष्टींची गल्लत टाळण्यासाठी, आणि उत्तर वेगळ्या वाटेने तपासण्यासाठी, दोघी बहिणी आपापल्या प्रत्येक वर्षअखेरीला एकमेकींना रेडिओ संदेश पाठवतात असे समजा. डॉप्लर परिणामानुसार ०.६ वेगाने दूर जाताना संदेश निम्म्या गतीने येतात आणि जवळ येताना दुप्पट गतीने येतात.

गार्गीला जातानाच्या ८ वर्षांत ४ संदेश मिळतात आणि परतीच्या ८ वर्षांत १६ मिळतात. एकूण २०. मीराच्या बाजूने पाहिले तर गार्गी १० व्या वर्षी वळते, पण ती बातमी ६ प्रकाशवर्षांवरून येत असल्यामुळे मीराला १६ व्या वर्षी कळते. त्या १६ वर्षांत तिला निम्म्या गतीने ८ संदेश मिळतात आणि उरलेल्या ४ वर्षांत दुप्पट गतीने आणखी ८ मिळतात. एकूण १६. इथे समकालिकतेचा उल्लेखही करावा लागला नाही, तरी तेच आकडे आले. असममिती कुठे आहे तेही उघड दिसते: गार्गीला मिळणारी गती तिच्या प्रवासाच्या बरोबर मध्यावर बदलते, तर मीराला मिळणारी गती फार उशिरा बदलते.

त्वरणाची भूमिका किती?

"गार्गीला त्वरण झाले म्हणून ती लहान राहिली" असे उत्तर अनेक ठिकाणी दिले जाते. ते अर्धेच बरोबर आहे. त्वरणामुळे दोघींपैकी कोणी चौकट बदलली हे ओळखता येते, पण घड्याळ संथ करणारे असे त्वरणात वेगळे काही नाही. हे पाहण्यासाठी त्वरण काढून टाका. गार्गी न थांबता पृथ्वीजवळून जाते आणि जाताना आपले घड्याळ शून्यावर लावते. ताऱ्यापाशी तिला समोरून ०.६ वेगाने येणारी वैदेही भेटते. गार्गी तिला आपले ८ हे वाचन सांगते आणि वैदेही आपले घड्याळ ८ वर लावून पृथ्वीकडे निघते. ती मीराजवळून जाताना १६ दाखवते, मीराचे घड्याळ २० दाखवते. कोणालाही धक्का बसला नाही, तरी फरक तोच ४ वर्षांचा.

प्रयोगही हेच सांगतो. सर्न या युरोपीय संशोधन केंद्रातील १४ मीटर व्यासाच्या साठवण वलयात म्युऑन नावाचे कण जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरवले गेले आणि त्याचे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्थिर म्युऑनचे सरासरी आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंद असते. वलयात γ चे मूल्य २९.३ होते आणि आयुष्य सुमारे ६४.४ मायक्रोसेकंद भरले, म्हणजे वेगावरून जेवढे यायला हवे तेवढेच. प्रत्येक फेरीअंती म्युऑन त्याच जागी परत येतो, त्या अर्थी तो गार्गीच आहे. त्याचे त्वरण पृथ्वीवरील गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे अब्जाच्या अब्जपट होते, तरीही त्याचा वेगळा परिणाम आढळला नाही.

आपण वळण्याचा वेळ शून्य धरला, त्याची मर्यादाही जाणून घ्यावी. पृथ्वीवरील वजनाइतकाच भार जाणवेल अशा सौम्य त्वरणाने जायच्या ०.६ वेगावरून परतीच्या ०.६ वेगावर यायला गार्गीच्या घड्याळाने सुमारे १६ महिने लागतील. १६ वर्षांच्या प्रवासात हे नगण्य नाही. त्यासाठी प्रवासाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी त्या वेळच्या वेगाचा γ वापरावा आणि बेरीज करावी, मात्र हा सगळा हिशेब मीराच्या चौकटीतच करावा. गुरुत्वाकर्षण महत्त्वाचे असेल तिथे विशिष्ट सापेक्षता एकटी पुरत नाही. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी विमानांतून सीझियम घड्याळे जगाभोवती फिरवली, तेव्हा वेगाच्या परिणामाबरोबर उंचीमुळे होणारा गुरुत्वीय परिणामही हिशेबात धरावा लागला होता.

स्वतः करून पाहण्यासाठी

आता तारा ८ प्रकाशवर्षांवर आणि वेग ०.८ घ्या. मीराची वर्षे पुन्हा २० येतात. प्रकाश ५ एकक चालतो तेव्हा यान ४ एकक जाते, म्हणून त्रिकोणाची उरलेली बाजू ३ आणि गार्गीची वर्षे एकूण १२. तिच्या हिशेबाने पृथ्वीचे घड्याळ जाताना ३.६ आणि येताना ३.६ वर्षे चालते, तर वळताना होणारा बदल ०.८ गुणिले ८ च्या दुप्पट, म्हणजे १२.८. बेरीज २०. या वेगाला डॉप्लरचा गुणक ३ आहे, म्हणून गार्गीला जाताना ६ वर्षांत २ आणि येताना ६ वर्षांत १८ संदेश मिळाले पाहिजेत. तुमच्या मांडणीत दोन वाटांनी वेगळे आकडे आले, तर सूत्राकडे जाण्यापूर्वी घटनांच्या यादीकडे परत जा आणि कोणत्या ओळीत एका चौकटीतले "आत्ता" दुसऱ्या चौकटीत वापरले गेले, ते शोधा.